जानवशाच्या खोल्या आणि स्वागताच्या पिशव्या : इंदूरच्या एका लग्नाच्या नोंदी

पुतणीचं लग्न, ६ डिसेंबर २०२५, इंदूर. वऱ्हाड पुण्याचं. मोठ्या वहिनींनी देण्याघेण्याचं आणि रुखवताचं पाहायचं, दिरांनी कार्यालय आणि जेवण, आणि मी पाहुण्यांच्या खोल्या व स्वागताच्या पिशव्या, अशी वाटणी झाली. ज्यांच्या घरी पुढचं कार्य आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून जसं घडलं तसं लिहून ठेवलं आहे.

१२ ऑक्टोबर

पहिली यादी गूगल शीटवर केली. एका ओळीत एक कुटुंब, पुढे माणसं किती, कुठून येणार, खोली नंबर, पिशवी दिली का. एकूण १९ कुटुंबं, ७७ माणसं. वऱ्हाडाची ४६ कार्यालयाजवळच्या हॉटेलात, म्हणजे जानवशाला, १८ खोल्यांत. आपल्याकडची ३१ मागच्या गल्लीतल्या अतिथीगृहात १२ खोल्यांत.

संध्याकाळी खोल्या भरायला बसले आणि तासाभरात अडकले. वऱ्हाडातलं एक कुटुंब सात जणांचं आहे: आजी-आजोबा, दोन मुलगे, दोन सुना, एक नात. त्यांना तीन खोल्या लागणार. ‘खोली नंबर’च्या चौकटीत तीन आकडे स्वल्पविराम देऊन लिहिले, पण आजी-आजोबा त्यातल्या कुठल्या खोलीत हे कुठेच लिहिलेलं नाही. उलट दोन एकट्या आत्या एकाच खोलीत राहणार, तर तीच खोली दोन ओळींत आली आणि बेरजेत दोनदा मोजली गेली. एकोणीस कुटुंबं म्हणून एकोणीस पिशव्या धरल्या होत्या, ते तर सरळ चुकलंच. तीन खोल्यांत विभागलेल्या सात माणसांना एक पिशवी म्हणजे दोन खोल्या कोरड्या.

दिवाळी तोंडावर होती, ते दहा दिवस काहीच हललं नाही. त्या यादीवर घालवलेली पूर्ण संध्याकाळ वाया गेली.

२ नोव्हेंबर

तुळशीचं लग्न लावून झाल्यावर सगळं नव्याने मांडलं. आता तीन वेगळी पानं आहेत.

पहिलं पान ‘लोक’. इथे एका ओळीत एकच माणूस, अगदी दोन वर्षांची नातसुद्धा स्वतंत्र ओळीत. नाव, कुटुंब, वय साधारण, आणि कोणत्या खोलीत. दुसरं पान ‘खोल्या’. इथे एका ओळीत एकच खोली. तिसरं पान ‘वाटप’, तिथे एका ओळीत एक पिशवी. कुटुंब ही आता फक्त एक माहिती राहिली, ओळ नाही. माणूस खोलीला बांधलेला, पिशवीही खोलीला बांधलेली.

‘खोल्या’ पानावर कोण कोण आहे हे हाताने लिहायचं नाही. हाताने लिहिलं की एकीकडे बदल होतो आणि दुसरीकडे राहून जातो. म्हणून भाच्याने ही दोन सूत्रं घातली. पहिलं खोलीतली माणसं मोजतं, दुसरं त्यांची नावं एका चौकटीत आणतं. ‘लोक’ पानावर B मध्ये नाव आहे, D मध्ये खोली, आणि ‘खोल्या’ पानावर A मध्ये खोली.

```
=COUNTIFS('लोक'!D:D, A2)
=IFERROR(TEXTJOIN(", ", TRUE, FILTER('लोक'!B:B, 'लोक'!D:D=A2)), "रिकामी")
```

४६ माणसं १८ खोल्यांत बसवली ती अशी: दहा खोल्यांत दोन-दोन, सहांत तीन-तीन, दोनांत चार-चार. म्हणजे हॉटेलात दहा जादा गाद्या लागणार. अतिथीगृहात पाच खोल्यांत दोन-दोन आणि सातांत तीन-तीन, म्हणजे तिकडे सात गाद्या. हा आकडा कुटुंबांच्या यादीतून निघतच नव्हता. तो न काढता गेले असते तर रात्री अकरा वाजता गाद्या शोधत फिरावं लागलं असतं.

९ नोव्हेंबर

आज फोनचा दिवस. विहीणबाईंना थेट विचारायला मला अवघड वाटत होतं. ‘तुमच्याकडे कोण कोणाबरोबर झोपेल’ असं कसं विचारायचं? वहिनींनी सुचवलं की नवरदेवाच्या काकूंशी बोल, त्याच त्यांच्याकडचं हे सगळं बघताहेत. ते फार बरं झालं. दोघी जबाबदारीवरच्या बायका, अर्ध्या तासात सगळं मोकळेपणाने बोलून झालं.

मी चारच गोष्टी विचारल्या. गुडघे कोणाचे दुखतात, म्हणजे कमोड आणि खालचा मजला कोणाला हवा. लहान मूल कोणाबरोबर आहे. रात्री उठून औषध-इंजेक्शन घेणारं कोणी आहे का. आणि कोणाला कोणाबरोबर ठेवू नये. चौथा प्रश्न त्यांनीच पूर्ण केला. ‘‘अहो, आमच्या दोन्ही जावांचं बोलणं नाही सध्या, त्यांना वेगवेगळ्या मजल्यावर द्या, म्हणजे सगळ्यांचंच बरं होईल.’’ हे कुठल्याही शीटवर लिहायचं नसतं. मी फक्त खोल्या दूर केल्या आणि कारणाचा रकाना रिकामा ठेवला, कारण ही शीट पाच-सहा जणांच्या फोनवर उघडणार आहे.

वरमाईंची खोली स्वतंत्र आणि मोठ्या आरशाची. तिथेच पाच-सहा बायका साड्या नेसायला येणार हे त्यांनी आधीच सांगितलं.

१६ नोव्हेंबर

हॉटेलात जाऊन सगळ्या खोल्या स्वतः उघडून पाहिल्या. पावणेदोन तास गेले, पण सार्थकी लागले. अठरापैकी चार खोल्यांत भारतीय पद्धतीचं शौचालय. दोन खोल्यांत गीझर चालू केल्यावर वीस मिनिटांनीही पाणी कोमटच. एका खोलीची खिडकी थेट कार्यालयाच्या स्वयंपाकघराच्या पंख्यासमोर. हे सगळं ‘खोल्या’ पानावर शेऱ्यात टाकलं.

दराचं एक सांगण्यासारखं. ऑगस्टमध्ये आम्हाला खोलीचे २,८०० रुपये अधिक १२ टक्के जीएसटी असा दर लेखी मिळाला होता. २२ सप्टेंबरपासून ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोल्यांवर ५ टक्के झाला, पण हॉटेलच्या कागदावर जुनाच आकडा होता. मी विचारलं तेव्हा लगेच बदलून दिला. खोलीमागे रात्रीचे १९६ रुपये वाचले. अठरा खोल्या दोन रात्री, म्हणजे ७,०५६ रुपये. ज्यांनी सप्टेंबरच्या आधी दर ठरवला आहे त्यांनी कागद एकदा काढून बघा.

दुसरी गोष्ट पैसे वाढवणारी निघाली. खोली दुपारी बारापासून मिळते, आणि पुण्याची गाडी सकाळी येते. ४६ पैकी ३८ जण त्याच गाडीने. रात्रभर प्रवास करून आलेल्या माणसांना, त्यातही आजी-आजोबांना, चार तास सामानावर बसवून ठेवायचं? सगळ्या खोल्या आदल्या रात्रीपासून घेणं परवडणारं नव्हतं. म्हणून सहा खोल्या ४ तारखेच्या रात्रीपासून घेतल्या: वरमाईंची, नवरदेवाची, दोन वृद्ध जोडप्यांच्या आणि लहान मुलं असलेल्या दोन. करासकट १७,६४० रुपये. त्यात चौदा माणसं बसतात. उरलेल्या चोवीस जणांना कार्यालयाच्या हॉलमध्ये पोहे-जिलबी आणि तिथल्या दोन न्हाणीघरांची सोय.

खोल्यांचे नंबर मात्र मागूनही मिळाले नाहीत. व्यवस्थापक म्हणाले, ‘‘भाभीजी, नंबर तो उसी दिन सुबह पक्के होंगे. कौन कब चेक-आउट करता है, उस पे है.’’ मी आग्रह केल्यावर त्यांनी एक कच्ची यादी हाताने लिहून दिली. ती मी पक्की समजले. ही चूक पुढे भोवली.

२० नोव्हेंबर

नमुन्याची एक पिशवी भरून चार दिवस कपाटात ठेवली होती, ती आज उघडली. आत रतलामी शेवेचं पाकीट, डिंकाचा लाडू, दोन छोटे साबण, बाम, पिनांचा बटवा, ओआरएस. शेव तोंडात टाकली तर आधी लवंग लागावी, तर लागला साबण. पाकीट बंद होतं तरी. लाडू नुसत्या कागदी वेष्टनात होता, त्याला तर साबण आणि बाम दोन्हींचा वास. तो टाकूनच द्यावा लागला. तूप कुठलाही वास धरून ठेवतं हे स्वयंपाकघरात रोज बघते, इथे लक्षात आलं नाही.

म्हणून पिशवीचे दोन भाग केले. एक खोलीचा: कापडी पिशवी, साबण, बाम, पेट्रोलियम जेलीची डबी, ओआरएसची दोन पाकिटं, आणि बटव्यात सेफ्टी पिना, केसांच्या पिना, काळा-पांढरा-लाल दोरा ओवलेल्या तीन सुया, टिकल्यांचं पाकीट. हे आठवडाभर आधी भरून ठेवता येतं. दुसरा भाग माणशी खाऊचा: शंभर ग्रॅम शेव आणि एक लाडू, वेगळ्या कागदी पाकिटात. तो आदल्या दिवशी भरायचा आणि देताना वर ठेवायचा.

या वाटणीने मोजणीचाही प्रश्न सुटला. साबण आणि बाम खोलीला एक पुरतो, खाऊ मात्र डोकी मोजूनच द्यावा लागतो. चार जणांच्या खोलीत दोन लाडू गेले की कोणीतरी नको म्हणून बाजूला होतं, आणि ती बहुधा घरातली सून असते.

पाण्याच्या बाटल्या ठेवल्या नाहीत. प्रत्येक मजल्यावर जार आणि स्टीलचे पेले ठेवायला हॉटेलला सांगितलं. आपल्या गावात ओला-सुका कचरा वेगळा करायची सगळ्यांना सवय आहे, पण पाहुण्यांच्या खोल्यांतून दीडशे अर्धवट भरलेल्या बाटल्या गोळा करणं कोणाच्याही वाट्याला येऊ नये असं मला वाटलं.

२७ नोव्हेंबर

खरेदी. शेव, डिंक, खारीक, सुकं खोबरं सियागंजातून, पिशव्यांचं कापड सीतलामाता बाजारातून. ओळखीच्या शिवणवाल्या बाईंनी ३४ पिशव्या शिवून दिल्या, शिलाई-कापड मिळून पिशवीला ४२ रुपये. तीस खोल्या आणि चार जादा. सगळं धरून खोलीची पिशवी १८५ रुपयांना पडली, म्हणजे ६,२९०. खाऊचं पाकीट ५५ रुपये, ८५ पाकिटं, ४,६७५. एकूण १०,९६५.

रात्री गारठा वाढला आहे. हॉटेल दोघांच्या खोलीत एकच रजई देतं आणि जादा गादीबरोबर फक्त चादर. ही चौकशी आधी करायला हवी होती. टेंटवाल्याकडून वीस रजया तीन रात्रींसाठी १,८०० रुपयांत ठरवल्या. ‘खोल्या’ पानावर ‘गादी’च्या शेजारी ‘रजई’ असा रकाना वाढवला.

३० नोव्हेंबर

आज एक चूक सापडली, आणि ती मराठीत शीट करणाऱ्या कोणाच्याही हातून होईल अशी आहे.

खोल्यांना मी स्वतःचे क्रमांक दिले आहेत. जानवशाच्या ज-01 ते ज-18, आणि अतिथीगृह लेकीकडचं म्हणून ल-01 ते ल-12. दोन इमारतींत 204 नंबरची खोली दोन्हीकडे आहे, म्हणून अक्षर लावलं. ‘खोल्या’ पानावर सगळ्यात खाली माणसांची बेरीज ठेवली होती. ती आज ७४ दिसली. ‘लोक’ पानावर ७७ ओळी. तीन माणसं कुठल्याच खोलीत नाहीत.

आम्ही दोघंजण ओळ अन् ओळ वाचत बसलो. प्रत्येकापुढे खोली लिहिलेली होती. पाऊण तासाने भाच्याच्या लक्षात आलं: तीन ओळी त्याने बसमधून फोनवर भरल्या होत्या आणि फोनचा कीबोर्ड मराठी होता. तिथे ज-०७ असं उमटलं होतं, आणि खोल्यांच्या पानावर ज-07 आहे. आपण वाचताना दोन्ही ‘ज सात’च वाचतो. शीटच्या लेखी ती दोन वेगळी अक्षरं. कुठेही लाल चूक दाखवत नाही, माणूस गुपचूप गळतो.

उपाय म्हणजे तो रकाना टाइप करूच द्यायचा नाही. `Data` मधून `Data validation`, त्यात `Dropdown (from a range)` निवडून ‘खोल्या’ पानाचा A रकाना दिला, आणि खाली `Reject the input` वर खूण केली. आता यादीतूनच निवडावं लागतं. दोन्ही पानांची बेरीज एकाच ओळीत शेजारी शेजारी आणून ठेवली, आणि रात्री झोपण्यापूर्वी एकदा तेवढीच बघते.

बदल करण्याची परवानगी आता फक्त आम्हा दोघांना. बाकीच्यांना फक्त बघता येईल. दिरांनी परवा चांगल्या हेतूने एका पाहुण्यांचं नाव पुसून दुसऱ्यांचं लिहिलं होतं, आणि पहिले दोघं यादीतून नाहीसे झाले होते.

३ डिसेंबर

खोलीच्या पिशव्या भरून झाल्या. प्रत्येकीला चिठ्ठी: कुटुंबाचं नाव, खाऊची पाकिटं किती, आणि हॉटेलने दिलेला खोली नंबर. माझा ज-क्रमांक चिठ्ठीवर घातला नाही. पाहुण्यांना तो कशाला, असं वाटलं.

रात्री दुसरीच काळजी. देशभर विमानं रद्द होत आहेत, आणि आपल्याकडचे पाच जण उद्या बंगळुरूहून यायचे आहेत.

४ डिसेंबर

मार्गशीर्षातला गुरुवार, त्यात दत्तजयंती. हे पंचांग समोर भिंतीवर असून माझ्या डोक्यात आलं नाही. ल-02 मध्ये ग्वाल्हेरच्या मावशींच्या हातात खाऊ दिला तेव्हा त्या हसून म्हणाल्या, ‘‘ठेव गं, उद्या खाईन. आज गुरुवार ना.’’ मग विचारत गेले तर अतिथीगृहातच नऊ बायकांचा उपास. धाकट्या जावेला पाठवून राजगिऱ्याचे लाडू आणि केळी आणवली, ४२० रुपये. तासाभरात प्रत्येकीच्या खोलीत पोचली. ‘लोक’ पानावर ‘उपास’ हा रकाना खरं तर पहिल्या दिवसापासून हवा होता. काकूंना विचारलेल्या चार प्रश्नांत हा पाचवा.

बंगळुरूचं विमान रद्दच झालं. पाचांपैकी दोघं मुंबईपर्यंत कसेबसे पोचले आहेत, तिथून अवंतिका एक्स्प्रेसने परवा सकाळी येतील. तिघांचं येणं होत नाही. त्यातली एक पुतणीची लहानपणापासूनची मैत्रीण, दोघी फोनवर रडल्या. ल-04 रिकामी झाली. संध्याकाळी देवासहून चार जण आले, जे रात्री परत जायचे होते. धुक्यात कुठे निघता म्हणून त्यांना ठेवून घेतलं. शीटवर तीन नावांपुढची खोली काढली, चार नावं नवीन भरली, खोली ल-04 निवडली. दोन मिनिटांत गादी, रजई, पिशवी सगळं आपोआप जुळलं. ऑक्टोबरच्या यादीत हे जमलं नसतं.

५ डिसेंबर

सकाळी गाडी आली. स्टेशनवर दीर आणि मुलं, हॉटेलात मी. सहा खोल्या तयार, वृद्ध मंडळी पंधरा मिनिटांत खोलीत. प्रत्येक मोठ्या माणसाचं ओळखपत्र हॉटेल मागतं, म्हणून कुटुंबाने एका पाकिटात सगळ्यांच्या छायाप्रती घालून आणाव्या असं काकूंमार्फत सांगून ठेवलं होतं. बहुतेकांनी आणल्या होत्या. व्हॉट्सॲपवर आधार मागवायचं मी मुद्दाम टाळलं, ते फोटो कोणाकोणाच्या फोनमध्ये पडून राहतात.

अकरा वाजता पक्के नंबर मिळाले, आणि अठरापैकी पाच बदललेले. एका खोलीचा नळ गळत होता, बाकी ठिकाणी आधीच्या पाहुण्यांनी मुक्काम वाढवला होता. पिशव्यांवर जुने नंबर चिकटवलेले. मी रिसेप्शनवर उभी राहून नव्या किल्ल्या वाटत होते, आणि वर मुलं चिठ्ठी वाचून पिशव्या जुन्या नंबरांवर देत होती. तीन पिशव्या चुकीच्या कुटुंबाकडे गेल्या. त्यातल्या एकीत दोनच खाऊची पाकिटं होती आणि खोलीत माणसं चार.

थांबवलं सगळं. उरलेल्या पिशव्यांवर जाड पेनाने ज-क्रमांक लिहिले. ‘खोल्या’ पानावर हॉटेलचा नंबर हा वेगळा रकाना केला आणि तिथे पाच आकडे बदलले. पिशवीवर आपला क्रमांक, जो कधी बदलत नाही. हॉटेलचा नंबर फक्त शीटवर, मुलांनी निघताना बघायचा. हे ३ तारखेला केलं असतं तर चाळीस मिनिटं आणि बरीच धावपळ वाचली असती.

याहून मनाला लागलं ते दुपारी. जेवणाच्या पंगतीत बायका शेवेबद्दल बोलत होत्या, डिंकाचा लाडू कोणी केला विचारत होत्या. नवरदेवाच्या आत्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘आमच्या खोलीत नव्हती हो आली पिशवी.’’ वाढता वाढता माझा हात थांबला. आत्यांचा मान लग्नात किती मोठा, हे काय सांगायला हवं? शीटवर ज-11 पुढे ‘दिली’ अशी खूण होती.

चौकशी केली. मुलाने पिशवी नेली, दार बंद होतं, म्हणून कडीला अडकवली आणि खूण केली. खोली झाडायला आलेल्याने ती उचलून खाली रिसेप्शनच्या कपाटात ठेवली. कोणी वाईट वागलं नाही. माझ्या शीटमध्येच फट होती: ‘दिली’ म्हणजे माझ्या हातून निघाली की त्यांच्या हातात पडली, हे वेगळं विचारलेलंच नव्हतं. लगेच पडताळलं तर ज-15 चंही तसंच झालं होतं.

वहिनी स्वतः पिशवी घेऊन आत्यांच्या खोलीत गेल्या, ओटी भरली, नमस्कार केला. आत्यांनी ‘एवढ्यासाठी कशाला’ म्हणत वहिनींना शेजारी बसवून घेतलं. संध्याकाळी सीमांतपूजनाला त्या माझ्याशी छान बोलल्या, तेव्हा माझ्या जिवात जीव आला.

‘वाटप’ पानावर आता दोन रकाने. ‘निघाली’ मध्ये वेळ आणि नेणाऱ्याचं नाव. ‘हातात दिली’ मध्ये कोणाच्या हातात. सासूबाई, सूनबाई, नातू, कोणीही चालेल, पण नाव हवं. दार बंद असेल तर पिशवी परत आणायची. मुलांजवळ याच पानाची छापील प्रत, कारण जिन्यात उभं राहून फोनवर कोणी नीट लिहीत नाही. संध्याकाळच्या रजया आणि रात्रीचे गरम दुधाचे थर्मास याच पद्धतीने गेले, आणि एकही राहिला नाही.

६ डिसेंबर

लग्न लागलं. अवंतिकाने दोघं अक्षतांच्या अर्धा तास आधी पोचले, ल-05 त्यांची तशीच राखून ठेवली होती, पिशवीसकट. बटव्यातल्या सेफ्टी पिना आणि लाल दोऱ्याची सुई सकाळी सगळ्यात जास्त कामी आली. वरमाईंच्या खोलीतून तीनदा जादा पिनांची मागणी आली, तिथे एक बटवा पुरणारच नव्हता.

९ डिसेंबर

रजया, थर्मास परत गेले. वीसपैकी एकोणीस रजया मिळाल्या. एक ज-06 च्या पलंगाखाली सापडली, कारण ‘परत आली’ हा रकाना खोलीवार होता आणि फक्त तीच ओळ रिकामी होती.

ओआरएसची जवळजवळ सगळी पाकिटं खोल्यांत तशीच राहिली, थंडीत त्यांची गरज पडली नाही. उन्हाळ्यातल्या लग्नाला नक्की ठेवा. पेट्रोलियम जेलीच्या डब्या मात्र एकही उरली नाही. खाऊची ८५ पैकी ८३ पाकिटं गेली. जादा चार पिशव्यांपैकी तीन वापरल्या: चुकीच्या कुटुंबाकडे गेलेल्या तिन्ही आम्ही परत मागितल्या नाहीत, उघडलेली पिशवी पाहुण्यांच्या हातून कशी काढून घ्यायची?

‘खोल्या’ पानाचे रकाने शेवटी या क्रमाने राहिले: आपला क्रमांक, हॉटेलचा नंबर, मजला, शौचालय, किती माणसं, कोण कोण, गादी, रजई, कधीपासून, शेरा. ‘लोक’ पानावर उपासाचा रकाना आता आहे. ओआरएस वगळलं तर पिशवीतलं काही बदलणार नाही. फेब्रुवारीत धाकट्या जावेच्या भावाचं लग्न उज्जैनला आहे, तिने शीट मागितली आहे. नावं पुसून, सूत्रं तशीच ठेवून आज तिला पाठवली.